कोर्टाचे तास वाटून घेण्याचा मेसेज: न वापरलेला तास लोक मोकळा का करत नाहीत?

दादर_भाकरी

नमस्कार मंडळी. जळगावला आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये पत्र्याचा हॉल आहे आणि त्यात बॅडमिंटनचं एकच कोर्ट. सकाळी 5 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 10, असे रोजचे नऊ तास आम्ही वाटून दिलेत. ज्याचा जो तास, तो कायमचा त्याचा. वहीत बघाल तर एकही तास रिकामा नाही.

परवा रात्री सव्वाआठला जेवून फेरी मारायला गेलो. हॉलला कुलूप, दिवे बंद, वॉचमन खाटेवर पडून मोबाईल बघून राहिला. आणि बरोबर त्याच वेळी ग्रुपवर दोघं विचारत होते, "आज कोणाचा तास मिळेल का?" मी सभेत एकदा तक्रार केली म्हणून ही जबाबदारी माझ्याच गळ्यात पडली. मग मी हा मेसेज टाकला:

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, कोर्टाचा वापर शिस्तीने करावा. ज्यांना आपला तास वापरावयाचा नसेल त्यांनी वेळेवर कळवावे, जेणेकरून इतरांना लाभ घेता येईल. अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल. सहकार्य अपेक्षित."

बेचाळीस अंगठे आले. दुसऱ्या दिवशी तीन तास रिकामे. माझं काय चुकलं?

सातपुडा_वरचा

"योग्य ती कारवाई" वाचून आमच्याकडे रस्त्यावर बसलेली म्हैससुद्धा उठत नाही भो.

भुसावळ_जंक्शन

मी रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे रिकामी सीट दिसली की अजून जीव खालीवर होतो. तुमचा मेसेज भाषेच्या दृष्टीने चांगला आहे, पण तो वाचून माणसाने नेमकं काय करायचं ते कळत नाही. "वेळेवर" म्हणजे किती वाजेपर्यंत? "कळवावे" म्हणजे कोणाला, तुम्हाला फोन करून की ग्रुपवर? आणि कळवलं, तर तो तास मग कोणाला मिळणार?

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. कायमचा तास असलेल्या माणसाच्या मनात भीती असते, की आज "येत नाही" म्हटलं तर उद्या लोक म्हणतील, हा तर येतच नाही, याचा तास काढा. म्हणून तो गप्प बसतो. मेसेजमध्ये पहिलं वाक्य हेच पाहिजे की तास मोकळा केल्याने कायमचा हक्क जात नाही. उलट न सांगता गैरहजर राहिल्याने जातो. ही अदलाबदल लोकांच्या डोक्यात बसेपर्यंत कितीही कारवाया लिहा.

आधी एक सांगा, किती तास खरोखर रिकामे जातात? अंदाज नको, मोजून.

दादर_भाकरी

मोजलेलं नाही. वॉचमनकडे चावी असते, त्याला विचारून ठेवतो.

धुळ्याचा_वकील

एवढा विचार कशाला? दंड लावा. न आल्यास 100 रुपये. दोन महिन्यांत सगळे सरळ होतात. माणसाला खिशाची भाषा कळते.

तापीकाठची

वकीलसाहेब, आमच्या चोपड्याच्या क्लबात हे करून झालंय. एक व्यापारी काका महिन्याच्या 1 तारखेला येऊन पाचशेची नोट ठेवायचे, "पाच दिवसांचं आगाऊ घ्या, मला जमेल तसं येईन." आधी ते निदान ओशाळून तरी बोलायचे. पैसे भरल्यावर तेही बंद. कोर्ट रिकामं, आणि बोलायची सोय नाही, कारण त्यांनी तर पैसे भरलेत.

पुण्यातला_चाळीसगावकर

याच्यावर एक गाजलेला प्रयोग आहे. इस्रायलमधल्या हैफाच्या पाळणाघरांमध्ये मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. 2000 साली तो शोधनिबंध छापून आला. दंड लावल्यावर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, आणि दंड काढून टाकल्यावरही आधीइतके कमी झाले नाहीत. पालकांनी दंडाला उशिराचं भाडं समजून घेतलं. तापीकाठच्या ताईंचे काका तसेच.

धुळ्याचा_वकील

पाळणाघर आणि कोर्ट एक नाही. 100 रुपये कमी पडत असतील तर 500 करा. दंड चुकीचा नाही, रक्कम चुकीची आहे.

भुसावळ_जंक्शन

वकीलसाहेबांचं अर्धं बरोबर आहे. जबर रक्कम लावली तर फरक पडेल. पण शेजाऱ्याकडून 500 रुपये वसूल कोण करणार? दादर_भाकरी? महिनाभरात त्यांच्याशी कोणी बोलणार नाही. पैसा घेण्यापेक्षा तीच वस्तू काढून घेतलेली बरी. तास वाया घालवला तर पुढचे काही दिवस तो तास दुसऱ्याचा. वसुली नाही, पावती नाही, आणि ज्याला खेळायचंय त्याला लगेच फायदा.

अमळनेरचा_मामा

आमच्या समाजाच्या हॉलचंही असंच करायचं चाललंय. तासावर देऊन पाहिला. एकाने हळदीसाठी 10 ते 1 घेतला, दुसऱ्याने साखरपुड्यासाठी 1 ते 4. हळदवाले दीड वाजेपर्यंत निघाले नाहीत. फरशीवर हळद, कोपऱ्यात वांग्याच्या भरताचं पातेलं, आणि दारात साखरपुड्याची पाहुणेमंडळी फेटे बांधून उभी. नवरदेवाचा बाप माझ्यावर ओरडतोय. हॉल तासावर देऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय. अर्धा दिवस नाहीतर पूर्ण दिवस.

सातपुडा_वरचा

मामा, इथे बॅडमिंटन चाललंय. पण भरताचं पातेलं कोणी नेलं ते सांगून टाका, जीव अडकलाय.

अमळनेरचा_मामा

मीच नेलं.

कानबाईची_लेक

मामांच्या किश्श्यात कामाची गोष्ट आहे. कार्यक्रमाच्या हॉलमध्ये दोन तासांच्या मध्ये झाडलोटीला अर्धा तास तरी लागतो, तो कोणी लिहीत नाही. कोर्टावर ती अडचण नाही, रॅकेट उचलली की झालं. मात्र दादर_भाकरी, तुमच्या हॉलमध्ये वाढदिवस, भजन, कानबाईचं जागरण असलं काही होत असेल ना? त्या दिवशी ज्यांचा तास बुडतो त्यांची गैरहजेरी धरणार का? हे मेसेजमध्ये यायला हवं.

दादर_भाकरी

होतं ना. आठ दिवस आधी वहीत नोंद केली की हॉल कार्यक्रमाला मिळतो. त्या दिवशीचे तास आपोआप रद्द, गैरहजेरी नाही. लिहून घेतलं.

आणि मोजणी झाली. वॉचमनला सांगितलं होतं, तास सुरू झाल्यावर दिवे लागले तर बरोबरची खूण, नाहीतर रेघ. सात दिवसांचे 63 तास, त्यात 24 रेघा. बहुतेक रात्री 8 नंतरच्या आणि पहाटे 5 च्या. संध्याकाळी 6 ते 8 मध्ये एकही रेघ नाही.

पुण्यातला_चाळीसगावकर

63 पैकी 24 म्हणजे दर पाचातले जवळपास दोन तास वाया. हे सगळं मेसेजने सुटणार नाही. गुगल शीट करा, लिंक ग्रुपला टाका. ज्याला यायचं नाही त्याने आपलं नाव पुसायचं, दुसऱ्याने लिहायचं. आम्ही पुण्यात हेच करतो.

तापीकाठची

पुण्यात ठीक आहे. आमच्याकडे शीट उघडून कोणीतरी चुकून अख्खा मंगळवारच पुसला होता. पोराने बोट लावलं म्हणे.

त्याआधी आम्ही ती नेहमीची यादी करायचो. ग्रुपवर यादी टाकायची, प्रत्येकाने कॉपी करून आपलं नाव घालून परत टाकायची. त्यात एक गंमत होते. दोघं एकाच मिनिटाला जुनी यादी कॉपी करतात. एक 7 च्या तासाला नाव टाकतो, दुसरा 8 च्या तासाला. दुसऱ्याची यादी खाली येते आणि तिच्यात पहिल्याचं नाव नसतंच. मग पहिला कोर्टावर येऊन म्हणतो, "मी टाकलं होतं." खरंही बोलत असतो बिचारा.

पोल टाकून पाहिला तर एकाच तासाला सहा जणांनी मत दिलं. पोलला कोटा ठरवता येत नाही ना.

भुसावळ_जंक्शन

म्हणूनच यादी नको. कायमचं वाटप हॉलच्या दारावर छापून चिकटवा, ते वर्षभर बदलत नाही. ग्रुपवर यायचा तो फक्त बदल. एक तास मोकळा झाला की एक मेसेज, घेणाऱ्याने त्यालाच स्वाइप करून उत्तर द्यायचं. कोणता तास कोणी घेतला हे मग एकाखाली एक दिसतं, यादी कॉपी करायची भानगडच नाही.

आता वेळ. गाडीचा चार्ट लागतो तो गाडी सुटायच्या काही तास आधी, सुटल्यावर नाही. कारण वेटिंगवाल्याला घरून निघून स्टेशनात पोचायला वेळ मिळाला पाहिजे. तुमच्याकडे पहाटे 5 च्या तासाची बातमी साडेचारला आली तर तो झोपेत असलेल्यांसाठी वायाच गेला. म्हणून सकाळच्या तासांसाठी आदल्या रात्री 9, संध्याकाळच्या तासांसाठी त्याच दिवशी दुपारी 3.

मिडसी_शिफ्ट

मी एमआयडीसीत आहे. दुसरी पाळी संपून घरी यायला रात्रीचे बारा वाजतात. पहाटे उठवेल की नाही ते मला रात्री 9 ला मशीनवर उभं राहून कसं कळणार? असा नियम केला तर मी दर वेळी गुन्हेगार.

धुळ्याचा_वकील

मग पहाटेचा तास घेऊच नका. नियम सगळ्यांना सारखा.

भुसावळ_जंक्शन

थांबा वकीलसाहेब. या भाऊंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक नियम इथेच फसतात. समजा मुदत उलटून गेली. आता त्याने उशिरा सांगितलं काय आणि नाही सांगितलं काय, शिक्षा एकच असेल, तर तो काय करेल? गप्प बसेल. उशिराचा निरोपही कामाचा असतो, शेजारच्या इमारतीतला पोरगा पाच मिनिटांत रॅकेट घेऊन येतो. म्हणून उशिरा सांगणाऱ्याला न सांगणाऱ्यापेक्षा हलकं ठेवलंच पाहिजे.

वॉचमन रेघ मारतोच आहे. मुदतीत मोकळा केला तर रेघ नाही. मुदतीनंतर पण तास सुरू व्हायच्या आत सांगितलं तर अर्धी रेघ. न सांगता आलाच नाही तर पूर्ण रेघ. महिन्यात दोन पूर्ण रेघा झाल्या की पुढचे सात दिवस त्याचा तास मोकळ्या तासांत जमा. आठव्या दिवशी परत त्याचा. शिफ्टवाल्या भाऊंच्या महिन्यात तीन अर्ध्या रेघा झाल्या तरी दीडच होतात.

मिडसी_शिफ्ट

अर्ध्या रेघेचं पटलं. चालेल.

कानबाईची_लेक

एक गोष्ट बायकांच्या बाजूने. आमच्या ग्रुपवर लोक सभ्यपणे कारण लिहितात. "आम्ही चार दिवस शिर्डीला चाललोय, आमचा तास कोणीही घ्या." दोनशे लोकांच्या ग्रुपवर, ज्यात निम्मे कोण आहेत ते ठाऊक नाही, आपण जाहीर करतोय की घराला कुलूप आहे! आमच्या बाजूच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा पोलिसांनी पहिला प्रश्न हाच विचारला, बाहेरगावी जातोय हे कोणाकोणाला माहीत होतं? घरफोडीची आणि मेसेजची सांगड खरी की नाही देव जाणे, पण तेव्हापासून मी कारण लिहीत नाही.

मेसेजमध्ये सरळ लिहा: कारण लिहू नका, आणि कोणी विचारूही नका. आजारपण, पाळी, नवऱ्याशी भांडण, काहीही असू शकतं.

सातपुडा_वरचा

"मोकळा: आज संध्याकाळी 7. कारण: नवऱ्याशी भांडण. नवराही मोकळा."

कानबाईची_लेक

:) त्याला स्वाइप करून कोणी उत्तर दिलं नाही तर?

रिटायर_मास्तर

माझ्याकडे साधा फोन आहे (हे नातवाच्या फोनवरून लिहून राहिलो). आमचा सकाळी 7 चा योगाचा तास त्याच हॉलमध्ये असतो. आधीच्या तासाचे पोरं आम्हाला सव्वासातपर्यंत पंखा लावू देत नाहीत. म्हणतात, शटल उडतं. जळगावच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, पंख्याशिवाय! या नियमात पंख्याचं काही करा.

पुण्यातला_चाळीसगावकर

मास्तर, पंख्याचा प्रश्न वेगळा आहे.

भुसावळ_जंक्शन

वेगळा नाही, पोरं सव्वासातपर्यंत खेळतात हाच तर प्रश्न आहे. तास संपायच्या पाच मिनिटं आधी शेवटचा गुण. 7 वाजता पंखा मास्तरांचा. आणि साधा फोन असलेल्यांनी वॉचमनला फोन करायचा, त्याने ग्रुपवर टाकायचं. भुसावळात आमच्या मंडळात असे चार जण आहेत, काही अडत नाही.

दादर_भाकरी

तुमच्या सगळ्यांच्या म्हणण्यावरून रात्री बसून नवा मेसेज लिहिला. तीन वेळा खोडला. बघा:

"कोर्टाचे तास. येत्या सोमवारपासून लागू.

तुमचा कायमचा तास तुमचाच आहे. एखाद्या दिवशी मोकळा केला म्हणून तो जाणार नाही.

यायचं नसेल तर ग्रुपवर एवढंच लिहा:
मोकळा: गुरुवार 14, संध्याकाळी 7
कारण लिहू नका, कोणी विचारू नका.

सकाळचा तास आदल्या रात्री 9 पर्यंत, संध्याकाळचा त्याच दिवशी दुपारी 3 पर्यंत. उशीर झाला तरी सांगा, अर्धीच रेघ पडेल. न सांगता आला नाहीत तर पूर्ण रेघ. महिन्यात दोन रेघा झाल्या तर पुढचे 7 दिवस तो तास सगळ्यांसाठी मोकळा.

हवा असेल त्याने त्याच मेसेजला स्वाइप करून लिहा: घेतला. पहिलं उत्तर ज्याचं, तास त्याचा. घेऊन आला नाही तर रेघ त्याला.

तास सुरू होऊन 10 मिनिटं झाली आणि कोणी आलं नाही, तर जे हजर असतील त्यांनी खेळावं. मालक नंतर आला तर त्याला सामील करून घ्यावं, त्याने कोणाला उठवू नये.

लाइट गेली किंवा हॉलमध्ये कार्यक्रम असला तर रेघ नाही. साधा फोन असेल तर वॉचमनला सांगा."

लांब झाला का?

तापीकाठची

लांब आहे, पण प्रत्येक ओळ कामाची आहे. एकच सुचवते. "गुरुवार 14, संध्याकाळी 7" हा नमुना दिलात ते उत्तम. लोक "उद्याचा 7 चा मोकळा" लिहितात. मेसेज रात्री बाराला दिसतो, "उद्या" कोणता? आणि 7 सकाळचे की संध्याकाळचे? आमच्याकडे दोन कुटुंबं त्यावरून अजून एकमेकांकडे जेवायला जात नाहीत.

पुण्यातला_चाळीसगावकर

तो मेसेज ग्रुपमध्ये पिन करा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहतं, महिन्याच्या महिन्याला परत करायला विसरू नका. आणि टाकल्यावर चूक दिसली तर पंधरा मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येते, नंतर नाही. म्हणून आधी घरच्यांना पाठवून वाचून घ्या.

धुळ्याचा_वकील

"पहिलं उत्तर ज्याचं" यात वाद होणार. एकाचा मेसेज नेटवर्क नसल्याने घड्याळाच्या खुणेवर अडकतो, तो म्हणतो मी आधी पाठवला. त्याच्या फोनवर त्याचा वर दिसतो, दुसऱ्याच्या फोनवर दुसऱ्याचा.

भुसावळ_जंक्शन

हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललात. दादर_भाकरींच्या फोनवर जो आधी दिसेल तो खरा, एवढं लिहा. तेही जागे नसतील तर कोर्टावर नाणं उडवा. आणि खरं सांगू, दोघांना मिळून दुहेरी खेळता येतं. चार माणसं लागतातच.

मिडसी_शिफ्ट

एक पळवाट दिसतेय. माझा एक ओळखीचा आहे, तो एकटाच येतो, भिंतीवर शटल मारत बसतो. दहा मिनिटांच्या आत आला, दिवे लागले, रेघ नाही. पण कोर्ट एकट्याने अडवलं.

दादर_भाकरी

बरोबर. "किमान दोघं हजर" असं घालतो. एकटा असेल आणि बाहेर कोणी थांबलेलं असेल तर त्याने त्यांना आत घ्यायचं. सोमवारी टाकतो. काय होतं ते येऊन सांगेन.

अमळनेरचा_मामा

आम्ही पण हॉलला हे लावू का? "मोकळा: रविवार, साखरपुडा"?

कानबाईची_लेक

मामा, साखरपुडा दुपारी 3 वाजता मोकळा झाला तर त्या दिवशी घेणारा कोण मिळणार? तुमच्याकडे लोक महिना आधी कॅटरर ठरवतात. तिथे वकीलसाहेबांची खिशाची भाषा चालेल, अनामत रक्कम घ्या. लवकर रद्द केलं तर पूर्ण परत, उशिरा केलं तर कमी. इथे खेळणारा पाच मिनिटांत येतो म्हणून हा नियम चालतो.

धुळ्याचा_वकील

शेवटी माझं कोणीतरी ऐकलं. नोंद घ्यावी.

दादर_भाकरी

तीन आठवडे झाले. सांगतो म्हटलं होतं म्हणून आलो.

पहिल्या आठवड्यात कोणीच काही लिहीना. सगळे बघत होते, पहिला कोण. मग मी स्वतःच माझा मंगळवारचा रात्री 9 चा तास मोकळा केला. खरं तर मला जायचं होतं. समोरच्या इमारतीतल्या दोन कॉलेजच्या पोरांनी घेतला. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी माझ्या तासाला आरामात जाऊन खेळलो, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर "मोकळा" यायला लागले. बहुतेक तो हक्क जात नाही हे वाक्य डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणाला पटत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याचा हिशोब: 63 तासांत 9 रिकामे. त्यातले चार एकाच संध्याकाळी लाइट गेली म्हणून. उरलेल्या पाचात तीन पहाटे 5 चे. तो तास मुळात कोणाला नकोच आहे, लोकांनी फक्त धरून ठेवला होता. त्यातल्या एकाने आपणहून कायमचा सोडला.

शिक्षा अजून एकालाच झाली. सात दिवस तास गेला. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच "घेतला" लिहून दुसऱ्याच्या तासाला आला. दंड मागितला असता तर आला नसता.

नवीन भानगड मात्र झालीय. रात्री 8 वाला आठवड्यातून तीनदा तास मोकळा करतो आणि त्याच सेकंदाला त्याच्या मेव्हण्याचं "घेतला" येतं. बाकीच्यांचा फोन हातात येईपर्यंत खेळ खलास. नियमात काही चूक नाही, पण सगळ्यांना दिसतंय.

भुसावळ_जंक्शन

हे होणारच होतं. मोकळा झाल्यावर पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात जितके उत्तर देतील त्यांच्यात ज्याने त्या आठवड्यात सगळ्यात कमी खेळलंय त्याला द्या.

तापीकाठची

आणि ते कोण मोजणार? वॉचमनला आता पगारवाढ द्यावी लागेल. मला वाटतं आठवड्यातून तीनदा मोकळा करणाऱ्याला तो तास लागत नाही का, एवढं सभेत विचारलं तरी पुरे.

मिडसी_शिफ्ट

पण मग परत तीच भीती. मोकळा केला म्हणून तास काढला, असं लोक म्हणतील. पहिलंच वाक्य खोटं पडलं.

भुसावळ_जंक्शन

हं. हे मला सुचलं नव्हतं.

धुळ्याचा_वकील

मेव्हण्याला 500 रुपये दंड.

रिटायर_मास्तर

पंखा 7 ला लागतो आता. धन्यवाद.

दादर_भाकरी

मोकळा: शनिवार 23, संध्याकाळी 8

दादर_भाकरी

अरे देवा, हे कॉलनीच्या ग्रुपवर टाकायचं होतं.

सातपुडा_वरचा

घेतला. शहाद्याहून निघालो भो. दहा मिनिटं थांबा म्हणा.